नशिबावर न सोडता डेक बांधायचे आणि पत्त्यांनी लढायचे खेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्ते पिसले की नशीब आलंच. मग डावपेच आवडणाऱ्यानं या वाटेला जायचंच कशाला?

नशीब खेळात कुठल्या जागी बसलंय, यावर ते अवलंबून आहे. एका जागी ते तुमच्या निर्णयाच्या आधी येतं: पाच पत्ते हातात आले, आता यातून काय करायचं ते ठरवा. दुसऱ्या जागी ते निर्णयाच्या नंतर येतं: हल्ला करायचं ठरवलं, आता फासा टाका आणि लागला की नाही ते बघा. पहिल्या प्रकारात दर वेळी नवं कोडं समोर येतं आणि सोडवायचं तुम्हालाच असतं. दुसऱ्या प्रकारात कोडं बरोबर सोडवूनही उत्तर चुकीचं ठरू शकतं. ‘सगळं बरोबर खेळलो तरी हरलो’ ही चीड बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारातून येते.

चांगल्या डेक-बांधणीच्या खेळांत मोठा भाग पहिल्या प्रकारचा असतो. शिवाय त्यात एक सोय आहे जी फाशात नाही. फाशाला आठवण नसते. पत्त्यांच्या गठ्ठ्याला असते. वरचे पाच निघून गेले की खाली काय उरलं ते मोजता येतं, आणि डेक तुम्हीच बांधलेला असल्यामुळे काय मोजायचं तेही तुम्हाला माहीत असतं.

खेळ घेण्याआधी त्यातलं नशीब कसं जोखायचं?

एखाद्या डावाचं दहा मिनिटांचं चित्रीकरण बघा किंवा नियमपुस्तिका चाळा, आणि चार गोष्टी तपासा. पत्त्यावर ‘6 नुकसान’ असा ठरलेला आकडा आहे, की ‘4 ते 9’ किंवा ‘यादृच्छिक शत्रूवर’ असं लिहिलंय? शत्रू पुढच्या वेळी काय करणार हे तुमच्या खेळीच्या आधी दिसतं का? ओढायच्या गठ्ठ्यात काय शिल्लक आहे ते बघता किंवा मोजता येतं का? आणि नवे पत्ते सर्वांना सारखे, कायम उघडे असतात, की एक घेतला की गठ्ठ्यातून कुठलाही दुसरा टपकतो?

पहिल्या दोन प्रश्नांना सर्वाधिक वजन द्या. ती उत्तरं मनासारखी असतील, तर बाकीचं नशीब बहुधा सांभाळता येतं.

‘सांभाळता येतं’ म्हणजे नेमकं कसं? एखादी लढाई दाखवा.

‘स्ले द स्पायर’ घेऊ. मेगा क्रिट या स्टुडिओचा हा व्हिडिओ गेम, पूर्ण रूपात 2019 साली आला. त्यातला आयर्नक्लॅड हा योद्धा 10 पत्त्यांनी सुरुवात करतो: 5 स्ट्राइक (प्रत्येकी 6 नुकसान), 4 डिफेंड (प्रत्येकी 5 ढाल) आणि 1 बॅश (8 नुकसान, वर शत्रूला दोन फेऱ्या ‘व्हल्नरेबल’, म्हणजे त्याला बसणारा मार दीडपट). दर फेरीला 5 पत्ते आणि 3 ऊर्जा मिळते. स्ट्राइक आणि डिफेंडला 1 ऊर्जा लागते, बॅशला 2. न वापरलेले पत्ते फेरीअखेर टाकले जातात.

समोर जॉ वर्म आहे, आयुष्य 42. खेळाच्या मूळ पातळीवर त्याचं आयुष्य 40 ते 44 च्या दरम्यान असतं आणि पहिल्या फेरीत तो नेहमीच 11 चा चावा घेतो. तो आकडा त्याच्या डोक्यावर दिसतो. तुमच्या हातात आलेत बॅश, दोन स्ट्राइक, दोन डिफेंड.

नवखा माणूस चावा बघून घाबरतो आणि बॅशसोबत डिफेंड खेळतो. 8 नुकसान केलं, 11 ऐवजी 6 खाल्लं, बरं वाटलं. पण गठ्ठ्याकडे बघा. दहातले पाच हातात आहेत, म्हणजे उरलेले पाच ठाऊक आहेत: तीन स्ट्राइक आणि दोन डिफेंड. पुढच्या फेरीचा हात हाच असणार, यात शक्यता वगैरे काही नाही. बॅशचा परिणाम दुसऱ्या फेरीतही टिकतो, तेव्हा ते तीन स्ट्राइक प्रत्येकी 9 चे होतील. एकूण 27.

आता पहिल्या फेरीत बॅश आणि स्ट्राइक खेळून बघा. 8 अधिक 9, म्हणजे 17. पुढच्या फेरीचे 27 मिळवा: 44. वर्मचं आयुष्य कमाल असलं तरी तो दुसऱ्यांदा हल्ला करण्याआधीच मरतो. तुम्ही फक्त पहिला 11 चा चावा खाता, आणि आयर्नक्लॅडला लढाई संपल्यावर 6 आयुष्य परत मिळतं, म्हणजे निव्वळ तोटा 5.

डिफेंडच्या वाटेनं गेलात तर दोन फेऱ्यांत 8 अधिक 27, म्हणजे 35 होतात. वर्मकडे 7 उरतात आणि तो आणखी एक चाल करतो. ती 7 चा मार आणि 5 ढाल अशी असली, तर तुम्ही एकूण 13 खाल्लं, शिवाय तिसऱ्या फेरीत 12 फोडायचे आहेत आणि आता पत्ते नव्यानं पिसलेले आहेत. पाच वाचवायला गेलात, त्यात दोन जास्त गेले आणि हातातली खात्रीही गेली.

याला मर्यादा आहे. असेन्शन म्हणजे खेळ टप्प्याटप्प्यानं कठीण करणाऱ्या पातळ्या; त्यातल्या 7व्या पातळीपासून वर्मचं आयुष्य 42 ते 46 असतं. तिथं 45 किंवा 46 दिसलं की हा हिशेब एक-दोनानं कमी पडतो आणि डिफेंडचा विचार पुन्हा करावा लागतो. पण आयुष्य पडद्यावरच लिहिलेलं असतं, त्यामुळे हे तुम्हाला खेळी करण्याआधी कळतं.

बॅश पहिल्या हातात आलाच नाही तर?

दहा पत्त्यांच्या डेकमध्ये तसं निम्म्या वेळा होतं. पण मग तो दुसऱ्या हातात नक्की असतो, आणि तेही तुम्हाला माहीत असतं. एवढ्यानंच पहिल्या फेरीची चाल बदलते: दीडपट मार पुढच्या फेरीत सुरू होणार असेल आणि लढाई तिसऱ्या फेरीत जाणारच असेल, तर पहिल्या फेरीत एक डिफेंड टाकणं परवडतं. पत्ते नशिबानं येतात, पण कधी येणार हे निम्मं-अधिक आधीच ठरलेलं असतं.

ओढायच्या गठ्ठ्यावर क्लिक केलं की आत काय आहे ते दिसतं. क्रम मात्र खरा नसतो, मुद्दाम बदलून दाखवतात. खरा क्रम बघायला ‘फ्रोझन आय’ नावाची वस्तू मिळावी लागते. अनेकजण हा गठ्ठा कधीच उघडत नाहीत आणि मग ‘कार्ड येतच नाही’ म्हणतात.

डेक किती मोठा असावा?

ठरावीक आकडा नाही, पण प्रत्येक नव्या पत्त्याची किंमत मोजता येते. एकच महत्त्वाचा पत्ता असेल, तर तो पहिल्या पाचांत येण्याची शक्यता 10 च्या डेकमध्ये 50 टक्के, 12 मध्ये सुमारे 42, आणि 15 मध्ये 33. त्याच पत्त्याच्या दोन प्रती घेतल्या, तर 15 च्या डेकमध्ये निदान एक येण्याची शक्यता 57 टक्के होते, 20 च्या डेकमध्ये 45.

यातून लोक ‘डेक बारीक ठेवा’ एवढंच शिकतात आणि मग मिळालेला प्रत्येक पत्ता नाकारतात. ही चूक मिळेल तो पत्ता घेण्याच्या चुकीइतकीच महाग पडते. स्ट्राइक आणि डिफेंडचा सडपातळ डेक पहिल्या मोठ्या शत्रूसमोर, बॅशची साथ नसेल तर, फेरीला 18 च्या पुढे जात नाही. प्रश्न असा विचारा: हा पत्ता माझ्या हातातल्या सरासरी पत्त्यापेक्षा चांगला आहे का? सुरुवातीला डेक इतका कमजोर असतो की उत्तर बहुधा ‘हो’ येतं. शेवटाकडे ते बहुधा ‘नाही’ येतं, आणि तेव्हा बक्षिसात समोर आलेले तिन्ही पत्ते सोडून पुढे जायची मुभा असते.

मोठा डेक घेऊनही खात्री वाढवता येते. जादा पत्ते ओढून देणारे पत्ते, फेरीअखेर एखादा पत्ता राखून ठेवू देणारे (सायलेंट या दुसऱ्या पात्राचा ‘वेल-लेड प्लॅन्स’), टाकलेला पत्ता गठ्ठ्याच्या वर आणून ठेवणारे (आयर्नक्लॅडचा ‘हेडबट’): नशीब नको असलेल्यानं हे नुकसानाच्या मोठ्या आकड्यांआधी बघावेत. उलट ‘स्नेको आय’ ही वस्तू पत्त्यांची किंमत यादृच्छिक करते. ती बलवान आहे, पण हे पान वाचणाऱ्याला तिच्यासोबत सुख लागणार नाही.

‘स्ले द स्पायर’च्या दुकानात कोणता पत्ता काढून टाकायचा?

पहिल्यांदा काढायला 75 सोनं लागतं आणि प्रत्येक वेळी किंमत 25 नं वाढते, त्यामुळे काढणं फुकटचं नाही. शाप मिळाला असेल तर आधी तो. नाहीतर सहसा स्ट्राइक, कारण बक्षिसांतून चांगले हल्ले लवकर मिळतात आणि 6 चा हल्ला लवकर जुना होतो. 5 ची ढाल त्यामानानं जास्त टिकते.

हरलो ते नशिबानं की माझ्या चुकीनं, हे कळणार कसं?

या खेळात त्याची परीक्षा घेता येते. लढाई चालू असताना मुख्य मेनूत जाऊन परत आलात, तर तीच लढाई तशाच पिसलेल्या पत्त्यांनी सुरुवातीपासून सुरू होते. शिकण्यापुरता याचा उपयोग करा: लढाईत अपेक्षेपेक्षा 15-20 आयुष्य जास्त गेलं तर परत या आणि त्याच पत्त्यांनी वेगळी चाल करून बघा. तोटा निम्म्यावर आला तर दोष पत्त्यांचा नव्हता. तीन वेळा प्रयत्न करूनही तेवढाच राहिला, तर दोष लढाईतल्या चालींत नाही. तो आधीच्या खोल्यांमध्ये घेतलेल्या किंवा न घेतलेल्या पत्त्यांत आहे, आणि तिथे जाऊन शोधावा. फक्त हा प्रयोग जिंकण्यासाठी वापरायला लागलात की मापन संपलं.

टेबलावर खेळायचं आहे. ‘डॉमिनियन’मध्ये नशीब किती?

डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांचा हा 2008 चा खेळ, याच प्रकाराचा आद्य. बाजारात दहा प्रकारचे पत्ते कायम उघडे असतात आणि सर्वांना सारखे उपलब्ध असतात. ही त्याची मोठी जमेची बाजू. लढाई थेट नाही, पण डावपेच भरपूर.

नशीब दोन जागी टोचतं. पहिली जागा सुरुवात. तुमच्याकडे 7 कॉपर (नाणी) आणि 3 इस्टेट असतात, त्यातून पाच-पाचचे दोन हात येतात. सहापैकी पाच वेळा नाणी 4 आणि 3 अशी विभागतात, सहापैकी एकदा 5 आणि 2 अशी. बाजारात 5 किमतीची ‘विच’ आणि 2 किमतीचं ‘चॅपेल’ असेल, तर 5-2 वाला दोन्ही पहिल्या दोन फेऱ्यांत घेतो आणि 4-3 वाला बघत राहतो. उपाय घरगुती आणि सोपा: पहिल्या खेळाडूची विभागणी बघा, मग बाकीच्यांनी आपले पत्ते उघडून तशीच विभागणी लावून घ्यावी. नशीब राहतं, पण सर्वांचं एकच राहतं.

दुसरी जागा तिसरी फेरी. दोन पत्ते विकत घेतल्यावर डेक 12 चा होतो, पिसला जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत त्यातले दहा दिसतात. नुकताच घेतलेला पत्ता तळाच्या दोनांत अडकण्याची शक्यता सहात एक. दोन्ही पत्ते वेळेत दिसण्याची शक्यता जेमतेम 68 टक्के. याला उपाय नाही, पण हे माहीत असलं की पहिल्या दोन खरेदी अशा करता येतात की एकटा पत्ताही उपयोगी पडावा. दोघे सोबत आले तरच चालणारी जोडी इथं घेऊ नका.

‘स्टार रेल्म्स’ स्वस्त आणि चटपटीत आहे म्हणतात. तो कसा?

चटपटीत आहेच, पण बाजार पाच पत्त्यांचा आणि वाहता. तुम्ही एक घेतला की त्या जागी गठ्ठ्यातून नवा येतो, आणि तुमचे पैसे संपले असतील तर तो घेण्याची संधी समोरच्याला मिळते. तुमच्या खरेदीनं शत्रूपुढे जहाज वाढून ठेवलं, असं वारंवार होतं. डाव छोटा असल्यानं तीन-पाच डावांची मालिका खेळली तर हे बरंचसं धुऊन निघतं. एकाच डावाचा निकाल मनाला लावून घेणाऱ्यांनी टाळावा.

बाजारच नको असेल तर डेव्हिड सर्लिन यांचा ‘कोडेक्स’ बघा. तुमचे सर्व संभाव्य पत्ते स्वतःच्या वहीत असतात आणि दर फेरीला त्यातले दोन निवडून तुम्ही डेकमध्ये घालता. शिकायला जड आहे.

पत्ते पिसायचेच नाहीत, असा खेळ आहे का?

‘एऑन्स एंड’ (केव्हिन रायली, 2016). सगळे मिळून एका राक्षसाशी लढतात. डेक संपला की टाकलेला गठ्ठा न पिसता तसाच उलटा करायचा. म्हणजे जो पत्ता आधी टाकला तो आधी परत येतो. खेळलेली रत्नं, म्हणजे खरेदीला लागणारे पत्ते, फेरीअखेर हव्या त्या क्रमानं टाकायची मुभा असते, पण विकत घेतलेला पत्ता घेतल्या क्षणी गठ्ठ्यावर जातो. त्यामुळे नवं महाग रत्न त्या फेरीच्या रत्नांच्या लगेच आधी बसतं आणि पुढच्या चक्रात बहुधा त्यांच्यासोबतच हातात येतं. ही गंमत कळायला दोन डाव लागतात.

बिघडतं ते दोन कारणांनी. एक, सवयीनं कुणीतरी गठ्ठा पिसून टाकतं, म्हणून टाकलेल्या पत्त्यांना कुणी हात लावायचा नाही असं आधीच ठरवा. दोन, हातातले न वापरलेले पत्ते हातातच राहतात आणि पुन्हा पाच होईपर्यंतच ओढायचे असतात. एक पत्ता राखला की पुढचे सगळे गट एका घरानं सरकतात. लावून ठेवलेला पाचांचा गट चारवर तुटतो तो यामुळेच.

नशीब उरतं ते पाळीच्या क्रमात. दोघे खेळत असाल तर पाळीच्या गठ्ठ्यात तुमचे 4 आणि राक्षसाचे 2 पत्ते असतात. राक्षसाचे दोन्ही एका चक्राच्या शेवटी आणि पुढच्याच्या सुरुवातीलाही येऊ शकतात, म्हणजे सलग चार पाळ्या. शक्यता 225 त एक, पण सलग तीन त्यामानानं नेहमीच्या. चक्रात राक्षसाचे किती पत्ते बाकी आहेत हे मोजत राहणं, हाच त्यावरचा खेळ.

‘ग्लूमहेवन’मध्ये फासे नाहीत, तरी लोक नशिबाला का शिव्या देतात?

कारण निर्णयानंतरचं नशीब. हातातले पत्ते पूर्ण तुमच्या ताब्यात असतात, पण प्रत्येक हल्ल्याला 20 पत्त्यांच्या गठ्ठ्यातून एक फेरफार निघतो: सहा +0, पाच +1, पाच −1, एक +2, एक −2, एक दुप्पट आणि एक थेट हुकलेला.

उपाय म्हणजे फरकानं मारायचं. 3 आयुष्याच्या शत्रूवर 3 चा हल्ला केला, तर ताज्या गठ्ठ्यात तो 35 टक्के वेळा वाचतो. 4 चा केला तर 10 टक्के. 5 चा केला तर फक्त हुकण्याचा एकच पत्ता उरतो, म्हणजे 5 टक्के. पहिल्या जादा गुणाची किंमत प्रचंड, दुसऱ्याची किरकोळ. शत्रूला ढाल असेल तर ती आधी हल्ल्यातून वजा करून हा हिशेब करा. पातळी वाढल्यावर पहिल्यांदा −1 चे पत्ते काढून टाकणारे फायदे घ्या. चार −1 गेले की 16 पत्त्यांत वाईट फक्त तीन उरतात. शिवाय नियमपुस्तिकेतच नशीब कमी करणारा एक पर्याय आहे: दुप्पटला +2 आणि हुकण्याला −2 समजायचं. तुम्ही हे पान शोधत आला असाल तर तो पहिल्या डावापासून लावा.

‘मॅजिक : द गॅदरिंग’?

जमिनी म्हणजे बाकीचे पत्ते खेळायला लागणारी ऊर्जा देणारे पत्ते. 60 पत्त्यांत 24 जमिनी असा नेहमीचा डेक धरला, तर पहिल्या सात पत्त्यांत शून्य किंवा एकच जमीन येण्याची शक्यता सुमारे 14 टक्के, म्हणजे सातात एकदा. हात बदलून घेता येतो, पण एक पत्ता गमावून. खेळ खोल आहे, पण तुमची तक्रार हीच असेल तर ती इथं मिटणार नाही.

नशीब अगदी शून्य हवं असेल तर?

‘बॅटलकॉन’ (डी. ब्रॅड टॅल्टन ज्युनियर, 2010) मध्ये पत्ते ओढणं हा प्रकारच नाही. दोघे लढवय्ये सात घरांच्या पट्टीवर उभे असतात. प्रत्येकाकडे 5 शैली आणि 7 मूळ चाली. दर वेळी एक शैली आणि एक चाल जोडून दोघांनी एकदम उघडायची. वापरलेली जोडी दोन वेळा बाहेर राहते आणि मग परत येते. म्हणजे कुठल्याही क्षणी हातात 3 शैली आणि 5 चाली, एकूण 15 जोड्या. समोरच्याच्याही तेवढ्याच, आणि त्याचे बाहेर पडलेले पत्ते तुमच्यासमोर उघडे.

इथं नशिबाची जागा अंदाज घेतो. त्याच्या 15 पैकी किती जोड्या या अंतरावरून तुमच्यापर्यंत पोचतात, ते आधी काढा. बहुधा निम्म्याहून जास्त गळतात. उरलेल्यांपैकी सर्वांत जास्त जोड्यांना पुरून उरेल अशी आपली जोडी निवडा, आणि तिला हरवणारी त्याची एखादी जोडी राहिलीच तर ती कोणती हे लक्षात ठेवा. ती त्यानं वापरली की पुढच्या दोन वेळा ती त्याच्याकडे नसेल.